ई-चलनाचा अभिलेख आणि माहितीचा अधिकार : सिरोंचा येथील वाहनधारकाच्या दृष्टीने एक विवेचन

प्रास्ताविक

सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिण टोक होय. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ वसलेल्या या गावातील माणूस उपचारासाठी, शिक्षणासाठी आणि व्यापारासाठी कधी नागपूरला जातो, तर पुष्कळदा पूल ओलांडून तेलंगणातील कालेश्वरम, वरंगळ वा मंचेरियालकडे जातो. त्याच्या वाहनावर चलन होते ते बहुधा अशा दूरच्या गावी. त्याची वार्ता मात्र घरबसल्या भ्रमणध्वनीवरील संदेशाने येते. चलन रास्त असेल तर प्रश्न उरत नाही. ते चुकीचे आहे असे वाटल्यास ज्या छायाचित्रावर किंवा चित्रफितीवर ते आधारले आहे ते पाहावयास मिळणे अगत्याचे ठरते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचा उपयोग त्यासाठी कसा करावा आणि तो कोठे अपुरा पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभिलेख नेमका कोणता?

अर्ज लिहिण्यापूर्वी चलन कोणत्या रीतीने झाले हे ओळखले पाहिजे. चौकात उभा असलेला पोलीस कर्मचारी आपल्या ई-चलन यंत्राने वाहनाचे छायाचित्र घेतो, ही एक रीत. अशा वेळी चित्रफीत मुळातच नसते. असतात ती एक-दोन स्थिर छायाचित्रे आणि त्यांच्याबरोबर नोंदलेली वेळ, ठिकाण व यंत्राचा क्रमांक. नियंत्रण कक्षातून कॅमेऱ्याच्या दृश्यावरून, किंवा क्रमांकपट्टी आपोआप वाचणाऱ्या यंत्रणेने चलन करणे, ही दुसरी रीत. येथे अभिलेखाचे दोन थर असतात : उल्लंघनाच्या क्षणी वेगळे काढून चलनास जोडलेले छायाचित्र वा लहान दृश्य, आणि कॅमेऱ्याचे अखंड चित्रण. पहिला थर टिकतो. दुसऱ्यावर साठवणुकीची जागा संपताच नवे चित्रण चढते. हा कालावधी व्यवस्थेनुसार बदलतो, पण पुष्कळ ठिकाणी तो महिनाभराच्या आसपासच असतो.

पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांचे चित्रण १८ महिने, ते शक्य नसल्यास किमान १ वर्ष जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सांगितले. तो आदेश ठाण्यांपुरता आहे. चौकातील कॅमेऱ्यास तो लावता येत नाही. वाहतुकीच्या कॅमेऱ्यांसाठी आधार आहे तो मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३६ अ चा आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम १६७ अ चा. ११ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने आलेल्या या तरतुदींत घटनेपासून १५ दिवसांत सूचना पाठविणे आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपून ठेवणे अपेक्षिले होते. स्वयंचलित चलनासोबत क्रमांकपट्टी व उल्लंघन दाखविणारे स्पष्ट छायाचित्र, यंत्राने केलेले मापन, दिनांक, वेळ व ठिकाण, लागू केलेले कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असावे, असेही त्यात सांगितले होते. अर्जदाराने काय मागावे, याची यादी अशी नियमातच तयार आहे. नव्याने काही योजण्याची गरज नाही.

एक उदाहरण

विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. सिरोंचातील एका गृहस्थाकडे गडचिरोली जिल्ह्याची, म्हणजे एमएच ३३ मालिकेतील, मोटारसायकल आहे. २२ जून रोजी त्याला संदेश आला की १० जून रोजी सकाळी नागपुरातील एका चौकात शिरस्त्राणाविना वाहन चालविल्याबद्दल चलन झाले आहे. त्या दिवशी गाडी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास दूर, त्याच्या अंगणात होती. नागपूर शहराची मालिका एमएच ३१ आहे. धुळीने माखलेल्या किंवा तिरप्या पट्टीवर १ चा ३ वाचला जाणे अशक्य नाही. कोणी त्याचा क्रमांक आपल्या गाडीवर लावला असेल, अशीही शक्यता आहेच. दोहोंचा निवाडा छायाचित्रावरूनच होऊ शकतो.

त्याने प्रथम राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर चलन उघडून छायाचित्र पाहावे, त्याची प्रत ठेवावी आणि तेथेच तक्रार नोंदवावी. अनेकदा काम इथेच भागते. वाहनाचा प्रकार, रंग, टाकीची ठेवण यांतील फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. दंड मात्र वाद मिटेपर्यंत भरू नये, कारण तडजोड शुल्क भरले की प्रकरण तेथेच संपते आणि पुढे वाद घालण्यास जागा उरत नाही.

छायाचित्र अस्पष्ट असेल किंवा नसेलच, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. तो सिरोंचा पोलीस ठाण्यात देण्याचा मोह होईल. पण नागपूर शहर पोलीस आयुक्तालय हे गडचिरोली पोलीस अधीक्षकांहून वेगळे प्राधिकरण आहे. कलम ६(३) नुसार अर्ज ५ दिवसांत हस्तांतरित झाला पाहिजे हे खरे, परंतु आपल्या उदाहरणात एकेक दिवस मोलाचा आहे. म्हणून अर्ज थेट नागपूर शहर वाहतूक शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे स्पीड पोस्टने पाठवावा. नागपुरातील अनेक चौकांतील कॅमेरे स्मार्ट सिटी प्रकल्पातून उभे राहिले आहेत. ‘चित्रण आमच्याकडे नाही’ असे उत्तर येण्याची शक्यता त्यामुळेच असते. कलम २(ञ) मध्ये माहिती ‘ताब्यातील’ तशीच ‘नियंत्रणाखालील’ही धरली आहे. चित्रण दुसऱ्या संस्थेच्या संगणकावर असले, तरी पोलीस ते वापरून चलन करीत असतील, तर निदान अर्ज त्या संस्थेकडे धाडणे त्यांना भाग आहे.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जासोबत १० रुपयांचे न्यायशुल्क तिकीट लावता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. २०१२ च्या दुरुस्तीने अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, असे बंधन आले. मजकूर पुढीलप्रमाणे असू शकेल :

‘माझ्या नावे नोंदणीकृत वाहन क्रमांक (…) वर दिनांक १० जून रोजी झालेल्या चलन क्रमांक (…) संबंधी पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात : चलनास जोडलेले मूळ आकाराचे छायाचित्र वा दृश्य, त्याच्या दिनांक-वेळ-ठिकाणाच्या नोंदीसह, चलन नोंदविणाऱ्या यंत्राचा वा कॅमेऱ्याचा क्रमांक, चलनास जोडलेले इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र, चलन मान्य करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम. तसेच सदर चौकातील त्या दिवशीचे चलनवेळेच्या आधीचे व नंतरचे ५ मिनिटांचे चित्रण इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळावे. अर्ज व अपील निकाली निघेपर्यंत हे चित्रण नष्ट होऊ देऊ नये, ही विनंती.’

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच बहुतेक अर्जांत नसते. अर्ज १ जुलैला पोचला असे धरू. उत्तराची ३० दिवसांची मुदत ३१ जुलैला संपते. चित्रण ३० दिवसच टिकत असेल तर ते १० जुलैच्या सुमारास पुसले जाईल. अधिकाऱ्याने मुदतीत आणि प्रामाणिकपणे उत्तर दिले, तरी ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हेच ते उत्तर असेल. म्हणून चित्रण जपण्याची विनंती संदेश आला त्याच दिवशी ई-मेलने वेगळी पाठवावी आणि तिची प्रत अर्जास जोडावी. मागितलेली माहिती हेतुपुरस्सर नष्ट करणे हे कलम २० नुसार शास्तीस पात्र आहे. ही शास्ती दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये इतकी असते. अर्ज पोचण्यापूर्वी आपोआप पुसल्या गेलेल्या चित्रणाला मात्र हे कलम लागू पडत नाही.

नकाराची कारणे

‘माझ्यावर चलन का केले?’ असा प्रश्न अर्जात घालू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सेल्सा पिंटो प्रकरणात (२००८) माहिती म्हणजे ‘का’ चे उत्तर नव्हे, असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयानेही आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात (२०११) नसलेली माहिती तयार करून देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही, हे स्पष्ट केले. म्हणूनच वरील नमुन्यात चलनास ‘जोडलेले’ प्रमाणपत्र मागितले आहे. नवे प्रमाणपत्र करून द्या, असे म्हणता येत नाही. माहिती अधिकारात मिळालेली चित्रफितीची प्रत न्यायालयात पुरावा म्हणून ठेवण्यास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते, आणि ते न्यायालयामार्फत मागवावे लागते.

तपासात अडथळा येईल, हे कलम ८(१)(ज) चे कारण वारंवार पुढे केले जाते. तपास चालू आहे एवढे सांगणे पुरेसे नाही, माहिती दिल्याने तो कसा अडेल हे दाखविले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ मध्ये ठरविले. पूर्ण झालेल्या चलनाच्या बाबतीत हे दाखविणे कठीणच.

व्यक्तिगत माहितीचे कारण अधिक अवघड आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने हा अपवाद रुंदावला. आपल्या उदाहरणात विचित्र पेच असा, की छायाचित्रातील स्वार अर्जदार नाहीच. म्हणजे तो त्रयस्थ ठरतो. यावर कलम १० चा उपाय आहे : चेहरा झाकून उरलेले चित्र द्यावे. गाडीची ओळख पटण्यास चेहरा लागतही नाही. कॅमेऱ्यांच्या जागांची यादी मागू नये. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात सुरक्षेचे कारण देऊन ती नाकारली जाईल आणि तिच्याबरोबर साधी मागणीही रखडेल.

उत्तर आले नाही किंवा असमाधानकारक आले, तर ३० दिवसांत, आपल्या उदाहरणात ३० ऑगस्टपर्यंत, त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील करावे. दुसरे अपील पुढील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते. तेथील सुनावणीस लागणारा काळ पाहता, चलनाचा वाद तोवर थांबवून ठेवणे शहाणपणाचे नाही.

गोदावरीपलीकडचे चलन

चलन तेलंगणात झाले असेल तर वरील बरेच काही बदलते. अभिलेख त्या राज्याच्या पोलिसांकडे असतो. महाराष्ट्रातील कार्यालयात दिलेला अर्ज तिकडे हस्तांतरित होईल, अशी अपेक्षा धरू नये. महाराष्ट्राचे न्यायशुल्क तिकीट तेथे निरुपयोगी आहे. भारतीय पोस्टल ऑर्डर जोडणे सोयीचे. दुसरे अपीलही तेलंगण माहिती आयोगाकडे, हैदराबादला.

भाषेची अडचण तर हमखास लक्षातून निसटते. कलम ६(१) नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत असावा लागतो. वरंगळच्या कार्यालयाने मराठी अर्ज परत केला, तर त्याला दोष देता येणार नाही. सिरोंचात घरोघरी तेलुगू बोलली जाते. अर्ज तेलुगूत लिहून देणारा शेजारी येथे सहज भेटतो, आणि जिल्ह्याच्या उत्तरेकडील वाहनधारकास नसलेली ही सोय त्याने जरूर वापरावी.