“५० मधे ७ लीक” : मेसेजवरून त्रुटी-पत्र कसं लिहायचं

मसाला करणाऱ्या गटांची आमच्याकडे एक तक्रार सारखी येते. छापील पाऊच गळके आले, पुरवठादाराला फोन केला, फोटो पाठवले, तो “बघतो ताई” म्हणाला, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. अशा वेळी फोन पुरत नाही, कागद लागतो. कंपन्यांमध्ये या कागदाला नॉन-कन्फॉर्मन्स नोट म्हणतात. आपण त्याला त्रुटी-पत्र म्हणू. नॉन-कन्फॉर्मन्स म्हणजे ‘खराब माल’ नव्हे, तर ‘जे ठरलं होतं त्याप्रमाणे नसलेला माल’. हा फरक डोक्यात ठेवला की पत्रात काय घालायचं आणि काय गाळायचं ते आपोआप कळत जातं.

गटात माल तपासणारी बाई कधी पत्र लिहीत नाही. तिचे हात पाण्यात असतात, ती व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकते. एका गटातल्या तपासणीच्या ताईंचा मेसेज असा होता :

“पाऊच ५ बंडल आले. ५० मधे ७ लीक, खालून. प्रिंट पण फिकं. मागच्यासारखंच. मशीन गार ठेवतात हे लोक. ४-५ होल्ड.”

मेसेज चांगला आहे बरं का. मोजून लिहिलाय, जागा सांगितलीय, माल बाजूला काढल्याचंही कळवलंय. पण तो जसाच्या तसा पुरवठादाराला पाठवला तर तो त्यातलं सोयीचं तेवढंच वाचणार. “५० मधे ७ म्हणजे कसले ५०? नग की बंडल? एकाच बंडलमधले की सगळ्यांतले? आणि ४-५ होल्ड म्हणजे चार-पाच बंडल, की चार आणि पाच नंबरची बंडलं?” त्याने हे विचारायच्या आधी आपणच ताईंना विचारायचं. पत्र लिहिणारीचं निम्मं काम इथेच असतं. अंदाजाने रिकाम्या जागा भरायच्या नाहीत.

ताईंनी उत्तर दिलं ते असं. प्रत्येक बंडलमध्ये १००० पाऊच, म्हणजे ५ बंडलांत ५०००. प्रत्येक बंडलच्या वरून, मधून, खालून मिळून १० नग काढले, असे ५०. गळके ७ निघाले ते सगळे नंबर ४ आणि नंबर ५ या दोनच बंडलांत, चौथ्यात ४ आणि पाचव्यात ३. पहिल्या तीन बंडलांतल्या ३० नगांत एकही नाही. चौथ्या-पाचव्या बंडलच्या चिठ्ठीवर रोल नंबरही वेगळा आहे. बघा, “५० मधे ७” म्हटलं तर सगळाच माल संशयात जातो. नीट विचारलं तर दोन बंडलांपुरती, २० मध्ये ७ अशी गोष्ट निघते. पुरवठादाराला कारण शोधायला त्या रोल नंबरचाच उपयोग होणार आहे.

आता ‘खालून’ म्हणजे नेमकं कुठून? हे उभे राहणारे पाऊच असतात, त्यांच्या तळाला आत दुमडलेली घडी असते. बाजूला त्या घडीमुळे प्लास्टिकचे चार थर एकत्र सील होतात, मध्यभागी दोनच. चार थर संपून दोन सुरू होतात तो कोपरा या पाऊचची नेहमीची कमजोर जागा. तपासायला पाऊचमध्ये हवा भरायची, वरचं तोंड आपल्या सीलिंग मशीनवर बंद करायचं आणि बादलीत पाण्याखाली धरून हलकंच दाबायचं. बाहेरून चिकटलेला बुडबुडा एकदा सुटला की संपतो. गळतीचा बुडबुडा त्याच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा येतो. ती जागा पाऊच पुसून मार्करने गोल करून ठेवायची. बुडबुडा वरच्या तोंडातून आला तर तो दोष आपल्या सीलिंगचा, तो नग पुरवठादाराच्या खात्यात मोजायचा नाही. या ताईंचे सातही गोल तळाच्या त्या कोपऱ्यातच होते.

मग मेसेजमधलं उरलेलं. “मशीन गार ठेवतात हे लोक” हे ताईंचं अनुमान आहे. खरंही असेल, पण आपण त्यांच्या कारखान्यात उभ्या नव्हतो. कारण आपण लिहिलं आणि ते चुकीचं निघालं, तर समोरचा तेवढंच धरून सगळं पत्र उडवून लावतो. म्हणून ते वाक्य गेलं. दाब कमी, उष्णता कमी की रोलमध्येच दोष, हे शोधून सांगणं त्यांचं काम.

“मागच्यासारखंच” हे तेव्हाच लिहायचं जेव्हा मागचं पत्र फाइलला आहे. क्रमांक टाकता आला तर वजनदार ओळ होते, नाही तर ती नुसती कुरकुर. या गटाकडे मागचा कागद नव्हता, तेव्हा तीही ओळ गेली.

“प्रिंट पण फिकं” यावर ताई थोड्या नाराज झाल्या, कारण प्रिंट खरंच फिकं होतं. पण फिकं कशाच्या मानाने? सही केलेला नमुना दोघांकडे ठेवलेला नाही, ऑर्डरमध्येही रंगाबद्दल काही नाही. तेव्हा ही ठरल्यापासूनची फारकत ठरत नाही. एक मात्र बघून घेतलं : परवाना क्रमांक, वजन, किंमत, तारखेची जागा हा मजकूर स्वच्छ वाचता येतो का? तो अस्पष्ट असता तर त्याचं वेगळं पत्र झालं असतं, कारण तो वाचता येणं कायद्यानेच लागतं. इथे तो वाचता येत होता. म्हणून रंगाची गोष्ट साध्या पत्रात, “पुढच्या छपाईआधी नमुना दाखवून दोघांची सही व्हावी” अशी. गळतीच्या पत्रात रंग घुसडला की बोलणी रंगावर सुरू होतात आणि गळती बाजूला पडते.

आता पत्र. ऑर्डरमध्ये या गटाने आधीच एक ओळ घातलेली होती, तीच इथे कामी आली.

“त्रुटी-पत्र क्रमांक १.
विषय : २०० ग्रॅम मिरची पूड पाऊच, तळाची सील गळणे.
आपल्या चलनाप्रमाणे ५ बंडल, एकूण ५००० नग मिळाले. चलन क्रमांक, ऑर्डर क्रमांक व माल मिळाल्याची तारीख वर दिली आहे.
काय ठरले होते : ऑर्डरमधील अट ३ — ‘तळ व बाजूंच्या सील पाण्याच्या चाचणीत गळू नयेत. प्रत्येक बंडलमधून १० नग तपासले जातील. त्यात १ नगही गळल्यास ते बंडल नाकारले जाईल.’
काय आढळले : प्रत्येक बंडलमधून १० असे ५० नग तपासले. बंडल ४ मध्ये १० पैकी ४ आणि बंडल ५ मध्ये १० पैकी ३ नग तळाच्या घडीच्या कोपऱ्यातून गळले. बंडल १, २, ३ मधील ३० नगांत गळती आढळली नाही. बंडल ४ व ५ वरील रोल क्रमांक इतर बंडलांपेक्षा वेगळा आहे.
पुरावा : खुणा केलेले ७ नग राखून ठेवले आहेत. बंडलच्या चिठ्ठीसह फोटो जोडले आहेत.
मालाचे काय केले : बंडल ४ व ५ नाकारली आहेत. ती वापरलेली नाहीत, वेगळी ठेवली आहेत.
आपल्याकडून अपेक्षा : (१) दोन्ही बंडल बदलून द्यावीत. (२) गळतीचे कारण व ते पुन्हा होऊ नये म्हणून केलेला बदल १० दिवसांत लेखी कळवावा.”

खाली तारीख, तपासणारीची सही आणि पत्र लिहिणारीची सही.

‘बंडल १, २, ३ चांगली आहेत’ असं यात कुठेही लिहिलेलं नाही, हे लक्षात आलं असेल. तीस नगांत गळती दिसली नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. उरलेल्या २९७० नगांबद्दल शब्द द्यायचा नाही. उद्या त्यातून गळके निघाले तर आपलीच ओळ आपल्यापुढे धरतील.

आणखी एक. अपेक्षेत दोन गोष्टी वेगवेगळ्या का? बंडल बदलून देणं ही आजची दुरुस्ती झाली. कारण शोधून मशीनवर बदल करणं ही पुढची. बहुतेक पुरवठादार पहिली लगेच करतात आणि पत्र मिटलं असं समजतात. आपण मात्र पत्र उघडंच ठेवायचं.

ऑर्डरमध्ये अशी अटच नसेल तर? तर निदान ‘मिरची पूड भरण्यासाठी’ हे शब्द तरी असावेत. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे माल कशासाठी हवा हे विक्रेत्याला सांगून आपण त्याच्या जाणकारीवर विसंबलो, आणि तो माल पुरवणं हा त्याचा धंदाच असेल, तर माल त्या कामाला साधारणपणे योग्य असावा लागतो. गळका पाऊच पूड भरायच्या कामाचा नाही, हे पटवायला फार बोलावं लागत नाही. पण किती नग तपासायचे आणि किती गळले की बंडल परत, यावर मग वाद होतोच.

याच कायद्यात वेळेचीही गोष्ट आहे. माल ठेवून घेतला आणि वाजवी वेळेत नाकारल्याचं कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. उलट वेळेत नाकारल्याचं कळवलं, तर दुसरं काही ठरलेलं नसताना माल स्वखर्चाने परत पोचवायची जबाबदारी आपल्यावर येत नाही, तो त्याने न्यायचा. पुरवठादार नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघू उत्पादक असेल तर तारीख जास्तच सांभाळायची. २००६ च्या त्यांच्या कायद्यात पैसे द्यायची मुदत माल मिळाल्या दिवसापासून मोजतात आणि लेखी करार असला तरी ती ४५ दिवसांपलीकडे जात नाही. मात्र माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर झाल्या दिवसापासून मोजणी होते. म्हणून पाऊच आले की त्याच आठवड्यात पाण्याची बादली काढायची, आणि पत्र ईमेलने किंवा हातोहात देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्यायची.

आणि तोवर ती दोन बंडलं? त्यांना लाल चिठ्ठी लावून, त्रुटी-पत्राचा क्रमांक टाकून कपाटात कुलपात ठेवायची. सणाच्या घाईत पाऊच कमी पडले की कुणीतरी “वरवर बरे दिसतात” म्हणून त्यातलेच उचलतं. एक जरी पाऊच वापरला गेला तरी ‘वापरलेली नाहीत’ ही ओळ खोटी पडते.

पुरवठादाराचं उत्तर आलं की ते पत्रामागे टाचायचं. “यापुढे काळजी घेऊ” हे उत्तर नव्हे, ते परत पाठवायचं. “रोल बदलल्यावर तळाच्या सीलची उष्णता पुन्हा लावली नव्हती, आता प्रत्येक रोलला पहिले नग पाण्यात तपासतो” असं काही आलं, तर ते तपासता येतं. बदलून आलेल्या बंडलांतून आणि त्याच्या पुढच्या खेपेतून दहाच्या जागी वीस-वीस नग काढायचे. दोन्ही वेळा गळती निघाली नाही, की पत्राच्या खाली तपासलेले नग, तारीख आणि ‘बंद’ असं लिहून ताईंची सही घ्यायची. निघालीच, तर त्रुटी-पत्र क्रमांक २ लिहायचं, आणि त्यात ‘पाहा : पत्र क्रमांक १’ ही ओळ आता हक्काने येते.