एकपानी संकेतस्थळ : विचारणा हरवू नये म्हणून

घरोघरी जाऊन पाण्याच्या टाक्या स्वच्छ करून देणाऱ्या, बडोद्यासारख्या शहरातील एका लहान व्यावसायिकाचे उदाहरण घ्यावे. दोन साहाय्यक, एक पंप आणि एक दुचाकी एवढाच त्याचा व्याप. त्याच्या ग्राहकाला तीनच गोष्टी हव्या असतात : हा आपल्या भागात येतो का, किती घेतो आणि त्याला कसे कळवावे. या तिन्हींसाठी एकच वेबपेज पुरेसे ठरते. मात्र तिसऱ्या गोष्टीत अनेकांची फसगत होते.

पानाच्या शिरोभागी सेवेचे नाव, ज्या वस्त्यांमध्ये काम केले जाते त्यांची नावे, कामाची वेळ आणि दूरध्वनी क्रमांक असावा. पुष्कळजण आपल्या व्हिजिटिंग कार्डाचे छायाचित्रच पानावर चिकटवतात. छायाचित्रातील क्रमांकावर बोट ठेवून सहसा फोन लागत नाही. म्हणून क्रमांक अक्षरांतच लिहावा आणि त्याला पुढीलप्रमाणे दुवा द्यावा :

```html
<a href="tel:+91XXXXXXXXXX">फोन करा</a>
```

येथे X च्या जागी आपला दहा आकडी क्रमांक येतो. मोबाइलवर या शब्दांना स्पर्श करताच क्रमांक डायल करण्यासाठी तयार दिसतो.

दरपत्रकात ‘माफक दर’ असे लिहिण्याने काहीच साधत नाही. उदाहरणादाखल, ५०० लिटरची टाकी ६०० रुपये, १,००० लिटरची टाकी ९०० रुपये, आणि जमिनीखालील टाकीचा दर पाहणीनंतर, अशा तीन ओळी पुरतात. त्यांखाली दरात काय समाविष्ट आहे, काय नाही आणि हे दर कोणत्या तारखेपासून लागू आहेत, हे नमूद करावे. टाकी तिसऱ्या मजल्याच्या वर असल्यास अधिक आकार पडणार असेल, तर तेही तेथेच सांगावे. दारात उभे राहून होणारे वाद त्यामुळे टळतात.

आता विचारणा-अर्जाकडे वळावे. नाव, मोबाइल क्रमांक, वस्ती आणि टाकीची क्षमता, एवढ्या चारच रकाने त्यात असाव्यात. आधार क्रमांक, कार्डाचा तपशील किंवा ओटीपी विचारण्याचे येथे कारणच नाही. प्रत्येक जादा रकान्यागणिक अर्ज अर्धवट सोडून जाणारे वाढतात.

साधे वेबपेज हे दुकानावरील पाटीसारखे असते. पाटी वाचता येते, पण तिच्या हाती चिठ्ठी देता येत नाही. अर्जातील मजकूर स्वीकारून तो मालकापर्यंत पोहोचविणारी स्वतंत्र व्यवस्था पानामागे असावी लागते. काहीजण त्याऐवजी अर्जाला `mailto:` जोडतात. त्यामुळे मजकूर कोठेही पाठविला जात नाही, केवळ ग्राहकाच्या यंत्रावरील ईमेलचा कार्यक्रम उघडतो. तो जुळवून ठेवलेला नसेल तर काहीच घडत नाही.

दुसरी चूक अधिक छुपी आहे. अर्जाचा ईमेल ग्राहकाच्याच पत्त्यावरून आल्यासारखा पाठविला जातो. त्या पत्त्याच्या वतीने ईमेल पाठविण्याचा अधिकार त्या सर्व्हरला आहे का, याची तपासणी ईमेल सेवा करतात. तो नसल्यास पत्र स्पॅममध्ये जाते किंवा नाकारले जाते. प्रेषक म्हणून स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवावा आणि ग्राहकाने ईमेल दिला असल्यास तो `Reply-To` मध्ये घालावा, हा यावरील उपाय होय.

तंत्रज्ञ हाताशी नसल्यास गूगल फॉर्म्स पानावर जोडणे सोयीचे. त्यात प्रत्येक विचारणा नोंदली जाते, आणि ती पत्रकात उतरविता येते. मात्र नवी नोंद आल्याची ईमेल सूचना त्यात आपणहून सुरू नसते, ती मालकाला सुरू करावी लागते. ‘आधी नोंद, मग सूचना’ हाच क्रम सुरक्षित. सूचनेचे पत्र हरवले तरी नोंद शिल्लक राहते.

या साऱ्या बिघाडांचा गुण एकच : ते आवाज करीत नाहीत. ग्राहकाला ‘धन्यवाद’ असा संदेश दिसतो आणि तो फोनची वाट पाहत बसतो. मालकाला मात्र विचारणाच आली नाही असे वाटते. फोन नेहमीप्रमाणे येत असून अर्ज एकाएकी थांबले, तर ही शंका घ्यावी.

म्हणून दर सोमवारी दुसऱ्याच्या मोबाइलवरून, ‘चाचणी’ असे नाव घालून एक अर्ज भरावा. नोंद झाली का, सूचना आली का आणि ती स्पॅममध्ये तर गेली नाही ना, हे पाहावे. त्याच वेळी दरांची तारीखही तपासून घ्यावी. या कामास पाच मिनिटे पुरतात.