‘प्रकाशाचे परावर्तन’वर दहा प्रश्न हवेत, पण कोणत्या इयत्तेचे?

राज्यातली पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलू लागली आहेत. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली आणि जाहीर वेळापत्रकानुसार आठवी, दहावी, बारावीची पाळी २०२८-२९ मध्ये आहे. मोठ्या बहिणीचं पुस्तक धाकट्या भावाला चालणार की नाही, ही चर्चा घराघरांत झाली आहे, ती पुन्हा नको. या बदलामुळे एक लहानशी, रोजची गोष्ट आणखी अवघड होणार आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

ती गोष्ट म्हणजे चाचणीच्या आदल्या संध्याकाळी येणारा निरोप: “‘प्रकाशाचे परावर्तन’ या धड्यावर दहा प्रश्न काढून द्याल का?” निरोप कधी घरी शिकवणी घेणाऱ्या ताईंचा असतो, कधी एखाद्या वडिलांचा, तर कधी विज्ञानाच्या सरांच्या रजेत त्यांचे तास घेणाऱ्या भाषेच्या शिक्षकांचा. सोबत धडा नसतो आणि इयत्ताही नसते. यात निष्काळजीपणा नाही. विचारणाऱ्याच्या समोर पुस्तक उघडं असतं, मूल शेजारी बसलेलं असतं, त्यामुळे इयत्ता वेगळी सांगायला हवी हे त्याच्या मनातच येत नाही.

पण ज्याला प्रश्न काढायचे आहेत त्याची पंचाईत खरी असते. बालभारतीच्या सध्याच्या पुस्तकांत ‘प्रकाशाचे परावर्तन’ याच नावाचे दोन धडे आहेत, आठवीत सोळावा आणि नववीत अकरावा. आठवीत सपाट आरसा आहे, परावर्तनाचे नियम आहेत, नियमित आणि अनियमित परावर्तन आहे, परिदर्शी आणि कॅलिडोस्कोप आहेत. नववीत मुलं गोलीय आरशांत शिरतात: अंतर्वक्र, बहिर्वक्र, नाभी, वक्रता केंद्र, कार्टेशियन चिन्हसंकेत, आरशाचं सूत्र, विशालन. सीबीएसईच्या दहावीत हाच विषय अपवर्तनासह एका धड्यात येतो. नावावरून विषय कळतो, पण मुलाला त्यातलं किती शिकवून झालं आहे ते कळत नाही.

अशा वेळी दोन प्रकारे घोटाळा होतो. पहिला म्हणजे इयत्ता मनाशीच ठरवून टाकणं. नववी असेल असं धरून सूत्रावरची उदाहरणं दिली आणि मूल आठवीतलं निघालं, तर ते पहिल्याच प्रश्नाला अडतं. उलट झालं तर नववीतलं मूल सगळं भराभर सोडवतं आणि चिन्हांचा गोंधळ तसाच परीक्षेपर्यंत जातो. यातला दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा घोटाळा म्हणजे न पाहिलेला धडा पाहिल्यासारखं दाखवणं. ‘धड्यात दिलेल्या आकृतीत क्रमांक दोनचा किरण कोणता’, ‘लेखकाच्या मते’, ‘पाठात सांगितलेली तीन उदाहरणं लिहा’ अशी शब्दरचना दिसली की समजावं, हे पुस्तक समोर ठेवूनच लिहिता येतं. ते समोर नसेल तर हा निव्वळ अंदाज आहे. भाषेच्या विषयात तर धडा हातात असल्याशिवाय प्रश्न काढूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पाठ्यपुस्तकात बहुधा मूळ पुस्तकातला संपादित उतारा असतो. मूळ पुस्तक कितीही पाठ असलं तरी उतारा कुठे सुरू होतो आणि संपादकांनी मधलं काय गाळलं आहे हे आठवणीतून सांगता येत नाही. विज्ञानाचं बरं आहे. आरसा कोणत्याही पुस्तकात तसाच वागतो, म्हणून धडा न पाहताही तिथे प्रामाणिक काम करता येतं.

ते कसं करावं, याचा विचार करताना मला लिलियन मॅकडरमॉट यांचं काम फार मोलाचं वाटतं. अमेरिकेत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राच्या अध्यापनावर संशोधन करणारा गट उभा केला. १९८६ मध्ये त्यांनी आणि फ्रेड गोल्डबर्ग यांनी सपाट आरशाबद्दल विद्यार्थ्यांशी समोरासमोर बोलून काय सापडलं ते प्रसिद्ध केलं. पद्धत साधी होती. खरा आरसा, खरी वस्तू आणि प्रश्न. भिंतीवरच्या लहान आरशात तुम्हाला तुमचं अर्धंच अंग दिसतंय. मागे सरकलात तर जास्त दिसेल का? भौतिकशास्त्र शिकलेल्या अनेक विद्यार्थ्यांनीही ‘हो’ म्हटलं. खरं उत्तर ‘नाही’ आहे. सपाट, उभा आरसा भिंतीवर तसाच राहिला तर मागे जाऊन स्वतःचं जास्त अंग दिसत नाही. पूर्ण उंची दिसण्यासाठी आरसा आपल्या निम्म्या उंचीचा, योग्य जागी लावलेला असावा लागतो आणि हे माप अंतरावर अवलंबून नसतं. मागे गेल्यावर खोलीतल्या इतर वस्तू वेगळ्या दिसू लागतात, त्यामुळे मन फसतं.

पुढच्या वर्षी या दोघांनी अंतर्वक्र आरसा आणि बहिर्वक्र भिंग यांनी पडद्यावर मिळणाऱ्या वास्तव प्रतिमेकडे मोर्चा वळवला. अर्धं भिंग झाकलं तर पडद्यावर काय दिसेल? अर्धी प्रतिमा जाईल, असं कितीतरी जणांना वाटलं. प्रत्यक्षात प्रतिमा पूर्ण राहते, फक्त मंद होते, कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण उरलेल्या अर्ध्या भागातूनही येत असतात. आकृतीत आपण दोनच किरण काढतो, म्हणून मुलांना प्रतिमा त्या दोन किरणांवरच उभी आहे असं वाटू लागतं.

इयत्ता न कळलेल्या माणसाला यातून मोठी मदत मिळते. इयत्ता बदलली तरी गैरसमज फारसे बदलत नाहीत. म्हणून प्रश्न पुस्तकातल्या वाक्यांवर न बेतता गैरसमजांवर बेतावा, आणि प्रत्येक चुकीचा पर्याय कुठल्यातरी खऱ्या चुकीतून आलेला असावा. पर्याय चारच हवेत हा हट्टही सोडावा. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये ८० वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन तीन पर्याय सर्वांत योग्य असल्याचं दाखवलं आहे. चौथा पर्याय बहुतेक वेळा भरतीचा असतो.

आता प्रत्यक्ष करून पाहू. इयत्ता माहीत नाही, तेव्हा प्रश्नांवर ‘आठवी’, ‘नववी’ असे शिक्के मारायचे नाहीत. मुलाला काय शिकवून झालेलं असायला हवं, ते प्रत्येक प्रश्नासमोर लिहायचं.

पहिला प्रश्न, फक्त परावर्तनाचे नियम शिकलेल्यांसाठी: किरण सपाट आरशाच्या पृष्ठभागाशी ४० अंशांचा कोन करतो, तर परावर्तन कोन किती? पर्याय ४०, ५० आणि ८० अंश. उत्तर ५०, कारण कोन स्तंभिकेपासून मोजतात. ज्यानं ४० निवडलं त्यानं कोन आरशापासून मोजला. ज्यानं ८० निवडलं त्यानं दोन कोनांची बेरीज केली, तीही आरशापासून मोजून. वही न बघता चूक कळते.

दुसरा प्रश्न, तेवढ्याच तयारीवर: मॅकडरमॉट यांचा मागे सरकण्याचा. पर्याय ‘जास्त दिसेल’, ‘तेवढंच दिसेल’, ‘कमी दिसेल’. हा आठवीलाही चालतो आणि बारावीच्या मुलालाही विचारात पाडतो.

तिसरा, सूत्र आणि चिन्हसंकेत शिकलेल्यांसाठी: अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू आरशासमोर १५ सेंमीवर. प्रतिमा कुठे मिळेल? कार्टेशियन संकेतानुसार दोन्ही अंतरं ऋण:

```
1/v + 1/u = 1/f
u = -15, f = -10
1/v = -1/10 + 1/15 = -1/30
v = -30
```

प्रतिमा आरशासमोर ३० सेंमीवर, वास्तव, उलटी आणि वस्तूच्या दुप्पट. पर्याय: आरशासमोर ३० सेंमी, आरशामागे ३० सेंमी, आरशामागे ६ सेंमी. चिन्हं अजिबात न घालता गणित केलं की +३० येतं आणि कार्टेशियन संकेतात त्याचा अर्थ आरशामागे असा होतो. वस्तूला ऋण चिन्ह दिलं पण नाभीय अंतराला द्यायचं राहिलं की ६ येतं. इथे प्रश्न काढणाऱ्यानं एक काळजी घ्यावी. काही जुन्या पुस्तकांत वास्तव प्रतिमेचं अंतर धन धरण्याचा संकेत होता. त्यात याच उदाहरणाचं बरोबर उत्तर +३० येतं. मुलाचं पुस्तक समोर नसताना पर्यायांत नुसतं ‘+३०’ आणि ‘-३०’ लिहिलं तर जुन्या संकेतानं शिकलेले काका आणि नव्या संकेतानं शिकणारं मूल यांची उत्तरं जुळत नाहीत, आणि दोघंही बरोबर असतात. ‘आरशासमोर’ आणि ‘आरशामागे’ असं शब्दांत लिहिलं की हा तंटा उरत नाही.

चौथा प्रश्न, वास्तव प्रतिमा माहीत असणाऱ्यांसाठी: वरच्याच आरशाचा खालचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकला, तर पडद्यावर काय दिसेल? सूत्र घोटून आलेली हुशार मुलं इथे थांबतात.

या चार प्रश्नांसोबत विचारणाऱ्याला एकच गोष्ट मागावी. अख्खा धडा नको, शेवटच्या स्वाध्यायाच्या पानाचा फोटो पाठवा. स्वाध्यायात उदाहरणं आहेत की नाहीत, कोणत्या संज्ञा वापरल्या आहेत, प्रश्न किती मार्कांच्या बेतानं आहेत, हे त्या एका पानावरून कळतं. ‘इयत्ता कोणती’ एवढंच विचारलं तर बोर्ड, माध्यम आणि पुस्तक नवं की जुनं हे प्रश्न उरतातच, आणि पुढच्या तीनचार वर्षांत ते जास्तच उरणार आहेत.

समजा फोटोवरून नववी, सेमी इंग्रजी असं कळलं. पहिला प्रश्न सरावापुरता ठेवावा, दुसरा आणि चौथा तसेच राहू द्यावेत, आणि तिसऱ्यात ‘नाभीय अंतर’च्या जागी ‘फोकल लेंथ’, ‘अंतर्वक्र आरसा’च्या जागी ‘कॉनकेव्ह मिरर’ करावं, कारण त्या मुलानं वर्षभर तेच शब्द ऐकले आहेत. मग तिसऱ्याच धाटणीची आणखी दोन उदाहरणं द्यावीत: एकात वस्तू नाभी आणि ध्रुव यांच्यामध्ये, म्हणजे प्रतिमा आभासी येईल, दुसऱ्यात बहिर्वक्र आरसा. आठवीचा फोटो आला, तर तिसरा आणि चौथा काढून परिदर्शीवर एक प्रश्न घालावा: दोन आरसे एकमेकांना समांतर आणि नळीशी ४५ अंशांत का बसवतात? दहाचा आकडा भरण्यासाठी व्याख्या विचारणारे प्रश्न वाढवू नयेत; सहा चांगले प्रश्न झाले तर सहाच द्यावेत.

चाचणी झाल्यावर बरोबर किती आले यापेक्षा चुकीचा कोणता पर्याय निवडला गेला, ते मागून घ्यावं. तिसऱ्या प्रश्नात बऱ्याच मुलांनी ६ सेंमी लिहिलं असेल, तर शिकवणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा सूत्र सांगायचं कारण नाही. आरशासमोर उभं राहून, ध्रुवापासून कोणतं अंतर कुठल्या दिशेला मोजलं जातं आणि अंतर्वक्र आरशाची नाभी वस्तूच्याच बाजूला का पडते, एवढं दाखवावं.