विश्लेषण : आई-वडील विभक्त असतील, तर अर्जात वडिलांचे नाव लिहावेच लागते का?

पॅन कार्ड, पासपोर्ट, शाळेचा प्रवेश किंवा जन्म दाखला, प्रत्येक अर्जात ‘वडिलांचे नाव’ हा रकाना असतो. आईनेच वाढवलेली मुले आणि घटस्फोटित पालक तिथे अडखळतात. नाव लिहिले तर पुढे वडिलांची सही मागतील का? रकाना रिकामा ठेवला तर अर्ज परत येईल का? या प्रश्नांना सरसकट एक उत्तर नाही, कारण प्रत्येक कागदामागचा हेतू वेगळा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या दोन निर्णयांतून हा फरक नेमका कळतो.

जन्म दाखल्यातून वडिलांचे नाव काढता येते का?

छत्रपती संभाजीनगरमधील एका ३८ वर्षीय महिलेने हीच मागणी केली होती. मुलाच्या जन्मनोंदीत पालक म्हणून फक्त आपले नाव असावे आणि तसा दाखला महापालिकेने द्यावा, असे तिचे म्हणणे होते. वडील व्यसनी आहेत आणि त्यांनी मुलाचे तोंडही पाहिलेले नाही, हे कारण तिने दिले होते.

मार्च २०२५ मध्ये खंडपीठाने ही याचिका फेटाळली आणि महिलेला ५ हजार रुपयांचा खर्चही बसवला. जन्मनोंदीवर आई किंवा वडील यांपैकी कोणाचाही हक्क नसतो, असे न्यायालयाने सांगितले. वैवाहिक भांडणातून मुलाच्या नोंदीत बदल मागता येणार नाही, असा या निर्णयाचा अर्थ आहे.

जन्मनोंद ही जन्माच्या वेळच्या वस्तुस्थितीची नोंद असते. नंतर घटस्फोट झाला किंवा मुलाचा ताबा आईकडे आला, तरी ती वस्तुस्थिती बदलत नाही. आईने दुसरे लग्न केले तरी केवळ त्या लग्नामुळे सावत्र वडिलांचे नाव तिथे येत नाही; त्यासाठी कायदेशीर दत्तकविधान लागते.

मग एकल मातेला फक्त स्वतःच्या नावाचा दाखला कधी मिळतो?

सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी ‘एबीसी विरुद्ध दिल्ली राज्य’ या प्रकरणात याचे उत्तर दिले. अविवाहित किंवा एकल मातेने आपल्या मुलाच्या जन्म दाखल्यासाठी अर्ज केला, तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि दाखला द्यावा, असा हा आदेश आहे. वडिलांचे नाव उघड करण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही.

म्हणजे वडिलांचे नाव कधी नोंदलेच गेले नसेल, तर ते लिहिण्याची जबरदस्ती नाही. विवाहातून जन्मलेल्या मुलाच्या नोंदीत ते आधीच लिहिले गेले असेल, तर केवळ विभक्त झाल्यामुळे ते पुसले जात नाही.

शाळेच्या दाखल्यावरही हाच नियम का?

नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये याच खंडपीठाने एका १२ वर्षांच्या मुलीच्या बाजूने निकाल दिला. तिला आईने एकटीने वाढवले होते आणि वडिलांचा तिच्या आयुष्याशी संबंध नव्हता. तरी शाळेच्या नोंदीत वडिलांचे नाव आणि त्यांची जात होती, आणि ती बदलण्यास नकार मिळाला होता. अशा मुलीवर वडिलांचे नाव, आडनाव व जात लादता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि नोंदी बदलण्याचा आदेश दिला.

शाळेची नोंद ही मुलाची रोजची ओळख असते आणि पुढच्या बहुतेक कागदांचा आधारही तीच असते, म्हणून तिथे मुलाच्या आजच्या स्थितीला महत्त्व आहे. अर्थात नुसत्या घटस्फोटाने हा लाभ आपोआप मिळत नाही. वडील मुलाला भेटत असतील किंवा ताब्याचा वाद सुरू असेल, तर प्रकरण वेगळे ठरू शकते.

असा बदल हवा असेल तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमधील नोंद बदलून घेणे फार कठीण जाते.

पासपोर्ट आणि पॅनचा अर्ज कसा भरायचा?

समजा, सिडकोतील एका महिलेचा घटस्फोट झाला आहे आणि १५ वर्षांची मुलगी तिच्याकडेच राहते. मुलीच्या जन्म दाखल्यावर वडिलांचे नाव आहे. आता तिचा पासपोर्ट काढायचा आहे.

परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे केले. तेव्हापासून अर्जात वडील, आई किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचे नाव पुरते. अर्जदाराची इच्छा असेल तर दुसऱ्या पालकाचे नाव छापले जात नाही. त्यामुळे इथे आईचे नाव लिहून भागते. आईला स्वतःचा पासपोर्ट काढायचा असेल, तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा माजी पतीचे नाव देण्याची गरज नाही.

मुलगी अल्पवयीन असल्याने पालकांच्या संमतीचा प्रश्न मात्र उरतो. दोन्ही पालकांची संमती असेल तर ‘अ‍ॅनेक्शर-डी’ भरतात. एकाचीच असेल तर ‘अ‍ॅनेक्शर-सी’ भरून दुसऱ्याची संमती का नाही, हे सांगावे लागते. ताब्याबाबत न्यायालयाचा आदेश असेल किंवा दावा सुरू असेल, तर तो लपवू नये. पासपोर्टसाठी खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. नाव आणि संमती हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ संपतो.

पॅनच्या अर्जात वडिलांचे नाव एरवी सक्तीचे आहे. मात्र ५ डिसेंबर २०१८ पासून आई एकल पालक असेल, तर फक्त आईचे नाव देण्याचा पर्याय आहे. त्यासाठीच्या प्रश्नाला आधी ‘होय’ असे उत्तर द्यायचे. ते न करता वडिलांच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहिले, तर तेच शब्द नाव म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो.

रकाना रिकामा ठेवला तरी वडिलांचे नाव येते, ते का?

कारण आपल्याकडे ते अर्जदाराच्या स्वतःच्या नावातच असते. आधी नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव. वरच्या उदाहरणातील मुलीने पासपोर्टवर पालक म्हणून फक्त आईचे नाव दिले, तरी तिच्या शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर मधले नाव वडिलांचे असेल, तर पासपोर्टवरही तेच येईल. ते एकाच कागदावर गाळले तर नावे जुळत नाहीत. पॅन आणि आधार जोडताना अर्जदाराचे नाव, जन्मतारीख व लिंग तपासले जाते, वडिलांचे नाव नाही. म्हणजे अडचण पालकांच्या रकान्यापेक्षा मधल्या नावामुळे येण्याची शक्यता जास्त.

मधले नाव बदलायचेच असेल, तर राज्याच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून मग सगळे कागद त्यानुसार दुरुस्त करावेत. राजपत्राने अर्जदाराचे नाव बदलते. जन्मनोंदीतील वडील बदलत नाहीत.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी राज्य सरकारने बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. त्यामुळे आईचे नाव सर्व शासकीय कागदांवर येईल, पण वडिलांचे नाव गळत नाही. आधी जन्मलेल्यांना हा क्रम लागू नाही.

अर्ज भरण्यापूर्वी जन्म दाखला, शाळेचा दाखला आणि आधार समोर ठेवून त्यांवरील स्वतःचे पूर्ण नाव अक्षरशः जुळते का, ते पाहावे. जुळत नसेल तर आधी तेवढे दुरुस्त करावे आणि मगच पासपोर्ट किंवा पॅनच्या अर्जाकडे वळावे.