शुक्रवारी वीज जाण्याआधी

मोरिवलीच्या एमआयडीसीत शुक्रवारी वीज जाणार असली, की कारखान्याच्या ऑफिसातला संगणकही बंद करावा लागतो. त्या संगणकात व्हर्च्युअलबॉक्सवर दुसरा संगणक चालत असेल, म्हणजे आत विंडोज आणि त्यात टॅली, तर तो कसा थांबवायचा हे आधी ठरवावं लागतं. या आतल्या संगणकाला गेस्ट म्हणतात आणि बाहेरच्याला होस्ट.

समजा, होस्टची रॅम १६ जीबी आहे आणि त्यातली ४ जीबी गेस्टला दिली आहे. मेनूतलं `Pause` दाबलं की गेस्टचा प्रोसेसर जागच्या जागी थांबतो. पडदा फिकट होतो, पण ती ४ जीबी होस्टच्या रॅममध्येच असते आणि डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. काही मिनिटं होस्टचा प्रोसेसर मोकळा हवा असेल, तर हे ठीक. वीज गेली की मात्र ही रॅम पुसली जाते, आणि गेस्टच्या दृष्टीने चालू संगणकाची वायर उपटल्यासारखंच होतं. थांबवलेला गेस्ट सुरक्षित आहे असं समजून घरी जाणं म्हणूनच धोक्याचं.

खिडकी बंद करताना `Save the machine state` निवडलं, तर गेस्टची मेमरी `.sav` फाइलमध्ये उतरते आणि रॅम मोकळी होते. जुन्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबी या वेगाने ४ जीबी लिहायला साधारण चाळीस सेकंद लागतात, तेवढा वेळ यूपीएसवर मिळतो. पुन्हा सुरू केल्यावर अर्धवट भरलेलं व्हाउचरही तसंच समोर येतं. नेटवर्कची जोडणी मात्र बहुधा तुटलेली असते.

इथली खरी गोम बॅकअप घेताना कळते. चालू विंडोज सगळं लिखाण लगेच डिस्कवर टाकत नाही, काही मेमरीतच ठेवतं. म्हणून गेस्ट असा साठवला, की त्याचा हिशोब डिस्कची `.vdi` आणि मेमरीची `.sav` अशा दोन फाइलींत वाटला जातो. फक्त `.vdi` पेनड्राइव्हवर घेतली, तर अर्धाच हिशोब हाती येतो. `Discard Saved State` दाबलं, तर ते मेमरीतलं लिखाण कायमचं जातं. त्याहून वाईट म्हणजे ती `.vdi` दुसऱ्या मशीनला जोडून तिच्यात बदल करायचे आणि मग जुनी मेमरी जागी करायची. त्या मेमरीला डिस्क आधीसारखीच आहे असं वाटतं, ती जुन्या नोंदींवरून लिहीत सुटते आणि फाइलसिस्टिम बिघडते.

`Send the shutdown signal` निवडलं की विंडोज प्रोग्राम बंद करतं, राहिलेलं लिखाण डिस्कवर टाकतं आणि मगच थांबतं. तेव्हा एकटी `.vdi` पुरते. पण न साठवलेलं काम असेल, तर विंडोज प्रश्न विचारून थांबून राहू शकतं. म्हणून मशीनच्या नावापुढे `Powered Off` दिसेपर्यंत थांबावं आणि बॅकअप त्यानंतरच घ्यावा. स्नॅपशॉट घेतलेले असतील, तर पूर्ण मशीनचा फोल्डरच उचलावा, कारण डिस्कवरचे नवे बदल `Snapshots` फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलीत जातात.