पाच टक्के वेग, तेवीस टक्के उष्णता

१९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३०० ए नावाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ होता. मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० वर नेला की यातले बरेचसे प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चालत. फुकटात दीडपट वेग! ओव्हरक्लॉकिंगचा बोलबाला झाला तो अशा प्रोसेसरांमुळे. आज पहिल्यांदाच बायोस उघडणाऱ्याच्या मनात तीच अपेक्षा असते, पण तेव्हा कंपन्या बराच वेग राखून ठेवत आणि आता तो चिप स्वतःच वापरून टाकते.

एएमडीचा रायझन ५ ३६०० घेऊ. २०१९चा हा सहा कोअरचा प्रोसेसर आजही अनेक घरांत आहे. त्याचा मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ. काम हलकं असेल तर एखादा कोअर ४.२पर्यंत जातो, आणि सगळे कोअर कामाला लागले तरी थंडावा पुरेसा असल्यास वेग चारच्या आसपास राहतो. तापमान, वीज आणि कामाचा भार पाहून चिप हे सेकंदाला अनेकदा ठरवत असते. आपण हाताने सगळे कोअर ४.२वर बांधले, तर व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या कामात जास्तीत जास्त पाच टक्के फायदा होईल. गेममध्ये तो बहुधा जाणवणारही नाही. आपली चिप ४.१वरच अडली, तर हलक्या कामात उलट तोटाच होतो, कारण वेग हाताने बांधला की आपोआप वर जाणं बंद होतं.

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ४ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट पुरत होते आणि ४.२ला १.३० लागले. वेग १.०५ पट झाला, व्होल्टेजचा वर्ग १.१७ पट. दोन्हींचा गुणाकार १.२३. म्हणजे पाच टक्के वेगासाठी सुमारे तेवीस टक्के जास्त उष्णता, आणि तीही बॉक्ससोबत मिळालेल्या छोट्या कूलरने बाहेर टाकायची. तो तेवढ्यासाठी बनवलेलाच नाही. निदान साधा टॉवर कूलर तरी हवा.

तरीही करून पाहायचंच असेल, तर मदरबोर्ड बी किंवा एक्स मालिकेच्या चिपसेटचा लागेल. ए३२० चिपसेटवर ही सोय नाही. बायोसमध्ये `CPU Ratio` आधी ४० ठेवा आणि व्होल्टेज स्वतः १.२५ लिहा. ते `Auto`वर सोडू नका, कारण गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देण्याची अनेक बोर्डांना सवय असते. मग एकेका पावलाने ४१, ४२. प्रत्येक पावलाला `Prime95` किंवा `OCCT` तासभर चालवा आणि `HWiNFO`मध्ये तापमान पाहत राहा. या चिपची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, पण नवख्याने ८५लाच थांबावं.

व्होल्टेजच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: सर्व कोअरवर कायमचे १.३० व्होल्ट, त्यापुढे नाही. इथे एक गोष्ट हमखास फसवते. मूळ सेटिंगवर हीच चिप मधूनच १.४५ व्होल्ट दाखवते, आणि ते पाहून ‘कंपनीच देते, मग मीही देतो’ असं वाटतं. पण तो आकडा हलक्या कामातला, क्षणभराचा असतो. भार वाढला की चिप तो स्वतः खाली आणते. तेच व्होल्टेज भरल्या भारावर तासन् तास ठेवलं, तर प्रवाह आणि उष्णता मिळून चिपमधल्या सूक्ष्म तारांचं धातू हळूहळू सरकवतात. महिन्यांनी ४.२वर चालणारी चिप ४.१वरही अडखळू लागते. ही झीज भरून येत नाही, आणि ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीतही बसत नाही.

सेटिंग डळमळीत असल्याच्या खुणा नेहमी ठळक नसतात. निळा पडदा आला तर कळतंच. पण कधी `Prime95`चा एखादाच वर्कर चूक दाखवून थांबतो, कधी विंडोजच्या `Event Viewer`मध्ये `WHEA-Logger`च्या नोंदी साठत जातात आणि संगणक वरकरणी ठीक चालतो. अशा वेळी व्होल्टेज वाढवत बसण्यापेक्षा वेग एक पायरी उतरवावा. संगणक सुरूच होत नसेल, तर मदरबोर्डवरचा क्लिअर सीमॉस जंपर वापरून मूळ सेटिंग परत येतं.

आणि जानेवारीतल्या चाचणीवर विसंबू नका. कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत २२ अंश असताना ७८ दाखवणारा प्रोसेसर नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, खोली ४०वर गेली की, ९६कडे झेपावेल. विदर्भात राहणाऱ्याने थंडीतली चाचणी ६५च्या आतच बसवावी, नाहीतर मार्च संपताना सेटिंग मूळपदावर आणावं.