पारखून घ्या (भाग ५) : चार्जरच्या फोटोत काय बघाल?

गेल्या आठवड्यात आपण चार्जरच्या वॉटचा हिशेब पाहिला. आज अडचण वेगळी आहे. वस्तू हातात नाही, जाहिरातीतले फोटो तेवढे आहेत आणि विकणारा ‘एकदम ओरिजिनल’ म्हणतोय. उदाहरणाला डेलचा ६५ वॉटचा, गोल पिनचा चार्जर घेऊ. ऑफिसांतून निघालेले जुने लॅपटॉप घेणाऱ्यांना तो हमखास लागतो.

लेबलवर आपली नजर आधी आकड्यांवर जाते : १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. गुणाकार ६५ वॉट येतो, पण हे आकडे नक्कल करणाऱ्यालाही पाठ असतात. त्यापेक्षा बारकोडजवळची बारीक ओळ वाचा. तिचा साचा असा असतो : `CN-0ABCDE-12345-58D-0A1B-A00`. सुरुवातीला देश, मग शून्य आणि पाच अक्षरांचा पार्ट नंबर. हाच नंबर लेबलवर `DP/N` पुढेही छापलेला असतो. दोन्हीकडे तो एकच हवा. `58D` ही तारीख आहे : ५ हा वर्षाचा शेवटचा आकडा, ८ म्हणजे ऑगस्ट. नऊनंतर A म्हणजे १०, B म्हणजे ११ असं मोजत गेलं की D म्हणजे १३ तारीख. महिन्याच्या जागी E दिसला तर तो चौदावा महिना झाला, म्हणजे लेबल खोटं. त्यापुढची चार अक्षरं त्या नगाची स्वतःची, म्हणून पूर्ण ओळ दोन चार्जरांवर सारखी येऊच शकत नाही. विक्रेत्याने चार-पाच नग एकत्र मांडून फोटो काढला असेल तर तो मोठा करून बघा. सगळीकडे तीच ओळ असेल, तर एका खऱ्या लेबलच्या प्रती काढून चिकटवल्या आहेत, यात शंका नको.

भारतात विकायच्या ॲडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि `R-` पुढे आठ आकडे असतात. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो नंबर टाकला की उत्पादक आणि ब्रँड दिसतात. नाव भलतंच निघालं तर विषय संपला. नाव जुळलं, तरी मात्र निश्चिंत होऊ नका. हा नंबर कारखान्याला मिळतो, एकेका नगाला नाही. त्यामुळे लेबलसोबत तोही उचलता येतो.

आता पिन. समोरून, उजेडात काढलेला फोटो मागा. मधली बारीक सुई सरळ आणि बरोबर मध्यावर हवी, बाहेरच्या नळीची कड गुळगुळीत हवी. वायर जिथे पिनमध्ये शिरते तिथलं रबर एकसंध असतं. नकलेत तिथे साच्याची उंच रेघ किंवा फट दिसते. ही सुई वीज पुरवत नाही, चार्जर किती वॉटचा आहे ते लॅपटॉपला कळवते. ती माहिती पोहोचली नाही की सुरू होताना पडद्यावर `The AC power adapter wattage and type cannot be determined` असं येतं, लॅपटॉप मंदावतो आणि बॅटरी चार्ज होईनाशी होते. मात्र खऱ्या चार्जरची सुई वाकली किंवा वायर आतून तुटली तरी हाच संदेश येतो, त्यामुळे तेवढ्यावरून नकली ठरवू नका.

वजनाचा फोटो मागताना भिंतीकडची सुटी वायर काढायला सांगा, कारण तांब्याचं वजन फसवतं. ठोकळा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, लेबल वर करून ठेवायचा. आकडा आणि सिरियलची ओळ एकाच फोटोत आली पाहिजे. जाहिरातीत लिहिलेलं वजन बहुधा खोक्यासकट असतं, ते धरू नका. ओळखीच्या कुणाकडे त्याच मॉडेलचा खात्रीचा चार्जर असेल तर तो तोलून ताडा. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे चालतील, पण पाव हिस्सा वजन कमी भरलं तर आतलं काहीतरी गाळलंय. बहुतेक वेळा विजेचा गोंगाट अडवणारी फिल्टरची कॉइल आणि उष्णता पसरवणारे धातूचे पत्रे गायब असतात. जिथे एवढी काटकसर होते, तिथे २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्यातलं सुरक्षित अंतरही राखलेलं नसण्याची भीती असते, आणि खरा धोका तोच आहे. वजन जुळणं हा मात्र पुरावा नव्हे. आत लोखंडाचा तुकडा घालूनही ते भरता येतं.

जुन्या पद्धतीच्या, गोल सेलच्या बॅटरीला वजन अधिक उपयोगी पडतं. असा एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा. सहा सेलचे २७० ग्रॅम झाले, वर प्लास्टिक आणि सर्किट. काट्यावर २२० ग्रॅम दिसले तर सेल कमी आहेत किंवा हलके आहेत. सहा सेलच्या बॅटरीच्या लेबलवर १०.८ व्होल्ट, ७८०० एमएएच लिहिलं असेल तर काटाही नको. सहा सेलमध्ये दोन-दोनच्या तीन जोड्या असतात, म्हणजे एकेका सेलला ३९०० एमएएच द्यावे लागतील. बाजारातले चांगले सेलही साधारण ३५०० पर्यंत जातात.

तेव्हा पैसे पाठवण्याआधी तीन फोटो मागा : लेबल जवळून, पिन समोरून आणि काट्यावरचा ठोकळा. ‘इंटरनेटवरचेच फोटो आहेत, माल तोच येईल’ असं उत्तर आलं, तर तो चार्जर घेऊ नका.